बाळ अचानक 'शहाणं' झालं तर: नवजात बाळातला सेप्सिस घरच्या घरी कसा ओळखायचा

मे महिन्यातली दुपार होती. लालबागच्या चाळीतून आलेली एक आजी नऊ दिवसांच्या नातवाला दुपट्यात गुंडाळून कॅज्युअल्टीत बसली होती. बाळाच्या आईला काळजी वाटली म्हणून आजी सोबत आली होती, आजीला स्वतःला काही वावगं वाटत नव्हतं. मला म्हणाली, "डॉक्टर, उगाच घाबरते हो ही. उलट कालपासून किती शहाण्यासारखं वागतंय बघा. रात्रभर एकदासुद्धा रडलं नाही." सून शेजारी गप्प बसली होती. तिचे स्तन दुधाने दगडासारखे झाले होते, कारण रात्रीपासून ते पिणारंच कोणी नव्हतं.

नवजात बाळाच्या रक्तात जंतुसंसर्ग पसरतो त्याला सेप्सिस म्हणतात. मोठ्या माणसाला असं झालं की ताप फणफणतो, थंडी वाजते, तो कण्हतो. नवजात बाळ यातलं काहीच करीलच असं नाही. ते फक्त कालच्यापेक्षा थोडं कमी करतं. कमी पितं, कमी रडतं, कमी हलतं. म्हणून 'बाळाला ताप आहे का?' हा आपला नेहमीचा प्रश्न इथे पुरत नाही. 'काल जे करत होतं त्यातलं आज काय करत नाही?' असं विचारावं लागतं. या प्रश्नाचं उत्तर डॉक्टरकडे नसतं, ते घरातच असतं. पुढचं सगळं त्या उत्तरासाठी.

आधी बाळाचं वय तासांत मोजा

जन्मानंतरच्या पहिल्या ७२ तासांत लक्षणं दिसली तर आम्ही त्याला लवकर सुरू झालेला सेप्सिस म्हणतो, त्यानंतर २८ दिवसांपर्यंत दिसली तर उशिरा सुरू झालेला. ७२ तासांची ही रेघ जंतू आले कुठून याचा अंदाज बांधण्यासाठी आखलेली आहे.

लवकरचा सेप्सिस बहुधा आईकडून येतो. पाणमोट फुटली की गर्भाभोवतीचं कुंपण गेलं. मग जन्ममार्गातले जंतू वर चढू शकतात, आणि जितके जास्त तास जातात तितकी त्यांना संधी. पाणी जाऊन १८ तासांहून जास्त वेळ झाला की आमचे कान टवकारतात. आईला बाळंतपणाच्या आसपास ताप येणं, पाण्याला दुर्गंधी असणं, आतून वारंवार तपासणी झालेली असणं, बाळ ३७ आठवड्यांच्या आधी येणं किंवा जन्मतः न रडणं, या गोष्टीही धोका वाढवतात. यातली बरीच बाळं पहिल्या २४ तासांतच आजारी दिसू लागतात, आणि बहुतेकदा श्वासावरून. श्वास जोरात चालतो, प्रत्येक श्वास सोडताना बारीक कण्हल्यासारखा आवाज येतो, बरगड्यांखाली खड्डा पडतो.

तेव्हा बाळ सहसा रुग्णालयातच असतं, त्यामुळे हे ओळखणं आमचं काम. घरच्यांनी एक गोष्ट मात्र करावी. पाणी किती वाजता गेलं ती वेळ फोनमध्ये लिहून ठेवावी आणि प्रसूतिगृहात शिरताच सांगावी. 'सकाळी कधीतरी' या उत्तराचा आम्हाला काडीचा उपयोग होत नाही. आणखी एक पेच आहे. नॉर्मल बाळंतपण झालं आणि वॉर्डात गर्दी असली की आई-बाळाला ४८ तासांतच घरी सोडलं जातं. म्हणजे ७२ तासांतला शेवटचा दिवस घरात जातो, आणि नेमका तेव्हा पान्हा धड फुटलेला नसतो, बाळाचं नेहमीचं वागणं कसं हेही कोणाला ठाऊक नसतं. तो दिवस जास्त डोळसपणे काढावा.

उशिराचा सेप्सिस बाहेरून येतो: हातांवरून, सलाइनच्या सुईच्या जागेतून, श्वासाच्या नळीतून, बेंबीतून, बाटलीतून. जन्मतः अडीच किलोपेक्षा कमी वजनाची आणि दिवस न भरता आलेली बाळं यात आधी सापडतात, कारण आईच्या रक्तातून मिळणारं संरक्षण प्रामुख्याने शेवटच्या महिन्यांत मिळतं आणि ते त्यांना अपुरं मिळालेलं असतं.

जंतू कोणते

परदेशी वेबसाइटवर वाचलं तर लवकरच्या सेप्सिसचं पहिलं कारण म्हणून ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकस दिसेल. अमेरिकेत-युरोपात ते खरं आहे. आपल्याकडे चित्र वेगळं आहे. दिल्लीच्या तीन मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात एक मोठा अभ्यास झाला. त्यात सर्वांत जास्त सापडले ते असिनेटोबॅक्टर, त्याखालोखाल क्लेब्सिएला आणि मग ई. कोलाय. ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकस फारच क्वचित. पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त अस्वस्थ करते. पहिल्या ७२ तासांतले जंतू आणि नंतरचे जंतू जवळपास सारखेच निघाले. असिनेटोबॅक्टर आणि क्लेब्सिएला हे रुग्णालयाच्या ओलसर जागांत, नळ्यांवर, हातांवर मुक्काम करणारे जंतू. ते जन्मानंतर काही तासांतच बाळाच्या रक्तात सापडत असतील, तर सगळा दोष आईच्या माथी मारता येत नाही. प्रसूतिगृह आणि नवजात कक्षाकडेही बघावं लागतं. आपल्याकडे ७२ तासांची रेघ पुसट आहे ती अशी.

उशिरा येणाऱ्यांत हेच तिघे, शिवाय त्वचेवर राहणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस. बेंबीभोवती लाली किंवा अंगावर पुवाच्या पुळ्या असल्या तर आधी त्याचा संशय. स्युडोमोनास आणि कॅन्डिडा ही बुरशी यांची गाठ जास्त करून नवजात अतिदक्षता कक्षात, म्हणजे एनआयसीयूत, बरेच दिवस राहिलेल्या छोट्या बाळांशी पडते.

घरी काय बघायचं, कसं बघायचं

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने नव्वदच्या दशकात गावातल्या बायकांना नवजात बाळाचा सेप्सिस ओळखायला शिकवलं. तिथे रक्त तपासायची सोय नव्हती, एक्स-रे नव्हता. होती फक्त नजर आणि सात खुणा: रडणं क्षीण होणं, चोखणं कमी किंवा बंद होणं, हातपाय लुळे पडणं, पोट फुगणं किंवा वरचेवर उलटी, अंग गार पडणं किंवा ताप, छाती आत ओढली जाणं, आणि बेंबीत किंवा त्वचेवर पू. यातल्या कोणत्याही दोन एकाच वेळी दिसल्या की सेप्सिस धरून उपचार सुरू करायचे. १९९९ साली हे काम 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. सेप्सिस झालेल्या शंभर बाळांपैकी आधी सुमारे १७ दगावत होती, ती संख्या तीनच्या आसपास आली.

ही यादी मी मुंबईतल्या आयांनाही देते, एका बदलासह. गडचिरोलीत दवाखाना लांब होता, म्हणून दोन खुणांचा नियम योग्य होता. मुंबईत तो रिक्षाच्या अंतरावर आहे. बाळ जन्मतः अडीच किलोपेक्षा कमी असेल किंवा एनआयसीयूतून आलेलं असेल, तर एका खुणेवर निघा.

आता प्रत्यक्ष कसं करायचं ते. सुरुवात दुधापासून, कारण दूध पिणं हे बाळाचं सगळ्यांत कष्टाचं काम, आणि ताकद कमी पडली की आधी तेच सुटतं. नवजात बाळ २४ तासांत साधारण ८ ते १२ वेळा पितं. आकडा दहाचा आठ झाला म्हणून घाबरायचं कारण नाही. पण जे बाळ काल पंधरा मिनिटं जोरात ओढत होतं ते आज चार घोट घेऊन झोपतं, तळवा चोळला तरी पुन्हा ओढत नाही, असं लागोपाठ दोन वेळा झालं तर ती खूण धरायची. लंगोट मोजणं हा त्याचा पडताळा. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा-सात वेळा शू व्हायला हवी. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने रेघा मारल्या तरी चालतं, ॲपची गरज नाही.

मग तापमान. हाताच्या मागच्या बाजूने आधी बाळाचं पोट आणि मग तळपाय चाचपा. दोन्ही ऊबदार, तर ठीक. पाय गार आणि पोट ऊबदार, तर बाळाला थंडी लागते आहे. दोन्ही गार असतील तर बाळ खरंच थंड पडलं आहे. त्यानंतर डिजिटल थर्मामीटर काखेत, हात अंगाशी धरून, बीप वाजेपर्यंत. ९७.७ ते ९९.५ फॅरेनहाइट ठीक. त्याहून कमी आलं तर बाळाचे कपडे काढून, टोपी-लंगोट ठेवून, आईच्या उघड्या छातीवर घ्या आणि दोघांवर पांघरूण घाला. तासाभरात तापमान चढलं नाही तर निघा. ९९.५ च्या वर आलं तर आधी बघा, मे महिन्यात तीन दुपट्यांत गुंडाळलंय का? कपडे कमी करून अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. तरी तेवढंच असेल तर निघा. १००.४ किंवा त्याहून जास्त असेल, किंवा ९५.९ पेक्षा कमी असेल, तर थांबून पुन्हा मोजत बसू नका. पॅरासिटामॉलचे थेंब या वयात स्वतःच्या मनाने द्यायचे नाहीत. आकडा खाली येतो, जंतू तिथेच राहतात आणि आमची दिशाभूल होते.

श्वास मोजताना बहुतेक जण चुकतात. पंधरा सेकंद मोजून चारने गुणतात. नवजात बाळ काही सेकंद भराभर श्वास घेतं, मग पाच-सात सेकंद थांबतं, पुन्हा घेतं. हे त्याचं स्वाभाविक आहे. म्हणून पूर्ण ६० सेकंद मोजायचं, बाळ शांत असताना, पोट वर-खाली होताना बघून. ६० किंवा जास्त आले तर थोड्या वेळाने परत मोजा. दुसऱ्यांदाही तेवढेच आले तर ती खूण. वीस सेकंद श्वासच थांबला, ओठ निळे पडले, झटके आले, उलटी हिरवी झाली किंवा बाळ हलवूनही उठत नसेल, तर मोजमाप सोडा आणि १०८ लावा किंवा मिळेल त्या गाडीने निघा.

शेवटी हातपाय. नवजात बाळ झोपेतसुद्धा बेडकासारखं दुमडलेलं असतं. पाय सरळ करून सोडला की आपोआप परत दुमडतो. तो तसाच पसरून राहिला तर बाळ लुळं पडलंय. टाळू फुगणं, मान ताठ होणं यांची वाट बघू नका, ती फार उशिराची चिन्हं आहेत.

लालबागच्या बाळाचं काय झालं

हे बाळ ३५ आठवड्यांचं, जन्मवजन २१०० ग्रॅम. कावीळ आणि साखर कमी म्हणून पाच दिवस नवजात कक्षात, हाताला सलाइनची सुई. सहाव्या दिवशी घरी, तेव्हा वजन २०४०. दोन दिवस छान प्यायलं. आठव्या रात्री दोन वाजता उठलं नाही. पहाटे उठवून पाजलं तर चार-पाच घोट. पहाटे चारला एक लंगोट ओला झाला, त्यानंतर थेट दुपारी बाराला. मधल्या वेळात शेजारच्या काकूंनी 'गॅस झालाय' असं निदान केलं आणि ग्राइप वॉटर झालं. गुटी उगाळायला घेतली होती, ती आईने अडवली. दुपारी एक वाजता तिला बाळाचे पाय आणि पोट दोन्ही गार लागलं. काखेत ९६.२. श्वास ५४, म्हणजे ठीक. ताप नाही, खोकला नाही, उलटी नाही. तासभर छातीशी धरून ९६.४. तेव्हा ती उठली आणि म्हणाली, "आई, मी निघाले. तुम्ही येता का?"

चार वाजता आमच्याकडे वजन १९९० ग्रॅम. हृदयाचे ठोके १७८. छातीच्या मध्यावर बोट पाच सेकंद दाबून सोडलं तर त्वचेचा रंग परत यायला चार सेकंद लागले, तीनच्या आत यायला हवा. पोट किंचित फुगलेलं. रक्तातली साखर ३८, म्हणजे कमी. तातडीने शिरेतून १० टक्के डेक्स्ट्रोज ४ मिली दिलं, किलोला २ मिली या हिशेबाने.

त्यानंतर अँटिबायोटिकच्या आधी कल्चरसाठी, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून ओळखण्यासाठी, एक मिली रक्त. नातेवाइकांना वाटतं इवल्याशा बाळाचं एवढं रक्त का काढता. पण थेंबभर रक्त घेतलं तर जंतू असूनही कल्चर कोरं येऊ शकतं. आणि इंजेक्शन दिल्यावर घेतलं तर कोणता जंतू होता, कोणत्या औषधाला दाद देतो, हे कळण्याची संधी निघून जाते. बाहेर कुठे आधी अँटिबायोटिकचे थेंब किंवा इंजेक्शन दिलं असेल तर म्हणूनच लपवू नका, बाटलीच दाखवा. कल्चर झाल्यावर इंजेक्शन लगेच सुरू केलं, रिपोर्टची वाट न बघता.

संध्याकाळी पहिले रिपोर्ट आले. पांढऱ्या पेशी ४२००, प्लेटलेट ९० हजार, दोन्ही कमी. सीआरपी, म्हणजे संसर्ग झाल्यावर रक्तात वाढणारं एक प्रथिन, मात्र ६, दहाच्या खाली. वडील म्हणाले, "सीआरपी नॉर्मल आहे, मग सेप्सिस कसा?" रास्त प्रश्न. सीआरपी यकृतात तयार होतो आणि संसर्ग सुरू झाल्यावर रक्तात चढायला त्याला दहा-बारा तास तरी लागतात. पहिला सीआरपी नॉर्मल आला म्हणून बाळ घरी न्यायचं नसतं. दुसऱ्या दिवशी तो ५८ होता. याच्या उलट चूकही होते. कठीण बाळंतपणानंतर संसर्ग नसतानाही सीआरपी थोडा वाढतो. त्या एका आकड्यावर चांगल्या बाळाला चौदा दिवस सुया टोचणंही चूकच. एक वेळचा सीआरपी म्हणजे एक फोटो. चोवीस तासांनी घेतलेला दुसरा आणि बाळाची तब्येत शेजारी ठेवली तर काही कळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कल्चरच्या मशीनने इशारा दिला आणि पुढच्या दोन दिवसांत नाव कळलं, क्लेब्सिएला न्यूमोनिए. अँपिसिलिनला हा जंतू मुळातच दाद देत नाही. याने जेन्टामायसिनलाही दिली नाही, अमिकॅसिनला दिली. औषध त्याप्रमाणे बदललं. पाठ्यपुस्तकातली अँपिसिलिन-जेन्टामायसिनची जोडी आपल्याकडे अनेक ठिकाणी अशी अपुरी पडते, म्हणून प्रत्येक युनिट आपल्या कल्चरचा हिशेब ठेवून पहिलं औषध निवडतं. दोन रुग्णालयांत दोन वेगळी इंजेक्शनं सुरू झाली तर त्यात एकजण चुकतोय असं समजू नका.

बाळ स्थिर झाल्यावर पाठीच्या कण्यातलं पाणी तपासलं. या तपासणीला घरचे घाबरतात, 'पाठीला सुई म्हणजे पांगळं होणार' अशी भीती असते. सुई मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली टोचतात. ते पाणी तपासल्याशिवाय मेंदूज्वर नाही असं म्हणता येत नाही, आणि मेंदूज्वर असला तर उपचार १४ ऐवजी किमान २१ दिवस करावे लागतात. याचं पाणी स्वच्छ होतं, त्यामुळे चौदा दिवस.

मधल्या काळात वडिलांनी पुन्हा गाठलं. "आम्ही घरात चपला बाहेर काढतो, पाहुण्यांना खोलीत येऊ दिलं नाही, बारसंसुद्धा पुढे ढकललं. मग जंतू आले कुठून?" मी खरं तेच सांगितलं. बहुधा नवजात कक्षातल्या त्या पाच दिवसांत ते बाळाच्या आतड्यात आणि त्वचेवर वस्तीला आले, आणि घरी आल्यावर रक्तात शिरले. रुग्णालयाचे जंतू डिस्चार्ज कार्डाबरोबर तिथेच राहत नाहीत. एनआयसीयूतून घरी आलेल्या बाळाकडे पुढचे दोन-तीन आठवडे जास्त बारकाईने बघायचं ते याचसाठी.

घरात काय करावं, काय टाळावं

बाळाला घेण्याआधी साबणाने हात, अंगठी-बांगड्या काढून. बेंबी कोरडी ठेवायची, तिच्यावर हळद, तेल, पावडर, राख काहीही नको. लंगोट बेंबीच्या खाली बांधा. मध, गुटी, साखरपाणी नको. शेकशेगडीचा धूर बाळाच्या नाकात नको. आईचं दूध मात्र पहिल्या तासापासून. त्यातली संरक्षक प्रथिनं बाळाच्या आतड्यात जंतूंना ठाण मांडू देत नाहीत. शीवच्या पालिका रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली. ज्या आयांना अजून दूध येत नाही किंवा ज्या स्वतः आजारी आहेत त्यांच्या बाळांना डब्याच्या दुधाऐवजी दुसऱ्या आईचं दूध मिळावं, हा त्यातला हेतू. तुमचं बाळ एनआयसीयूत असेल आणि दूध कमी पडत असेल तर जवळपास अशी पेढी आहे का, हे विचारा.

आणि रुग्णालयाकडे निघताना: बाळ त्वचेला त्वचा लावून छातीवर, ओढत असेल तर वाटेत पाजत. गुंगीत असेल तर तोंडात काहीही घालू नका, चमच्याने दूध फुप्फुसात जातं. डिस्चार्ज कार्ड सोबत. आत शिरताच तीन गोष्टी सांगा: वय किती दिवसांचं, जन्मवजन किती, आणि काल काय करत होतं ते आज करत नाही. 'बाळ बरं वाटत नाही' म्हणालात तर रांगेत बसाल. 'दहा तास झाले, दूध ओढत नाही आणि अंग गार आहे' म्हणालात तर सिस्टर तुम्हाला आत घेईल.

ते बाळ चोविसाव्या दिवशी घरी गेलं, २३०० ग्रॅमचं होऊन. अमिकॅसिनचा कानांवर परिणाम होऊ शकतो, म्हणून श्रवणचाचणी करून घेतली आणि तीन महिन्यांनी पुन्हा बोलावलं. तेव्हा आजीच घेऊन आली होती. तपासताना बाळाने आख्खी ओपीडी डोक्यावर घेतली. आजी म्हणाली, "रडू दे. दूध ओढतंय, सात लंगोट झालेत आज."